प्रस्ताव कुरुदचा, कसोटी निवड समितीची

छत्तीसगडमधील भिलाई शहराला लागून असलेल्या कुरुद परिसरातील तरुणांपुढे रोजगाराचा मार्ग अनेक दशके ठरलेला होता. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली. तेव्हापासून कारखान्यातील नोकरी, ती न मिळाल्यास कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगातील नोकरी, आणि तीही न मिळाल्यास रायपूर किंवा नागपूर, असा हा क्रम होता. कोहका-कुरुद मार्गावर अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिल्यानंतरही त्यात फारसा फरक पडला नाही. अलीकडच्या काही वर्षांत मात्र या क्रमात एका नव्या पर्यायाची भर पडली आहे. स्वतःची कंपनी स्थापन करून एखाद्या परिपोषण केंद्राकडे, म्हणजे इन्क्युबेटरकडे, प्रवेशासाठी व निधीसाठी प्रस्ताव पाठवणे हा तो पर्याय होय.

अशी केंद्रे आता या भागापासून दूर राहिलेली नाहीत. कुटेलाभाठा येथील आयआयटी भिलाईच्या कायम संकुलाचे २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रार्पण झाले. या संस्थेने स्थापन केलेले प्रतिष्ठान आर्थिक व्यवहारांच्या तंत्रज्ञानासाठीचे राष्ट्रीय केंद्र म्हणून काम करते. देशभरातील अशा २५ केंद्रांपैकी ते एक आहे. रायपूरमध्ये राज्य सरकारच्या 'चिप्स' या संस्थेने 'थर्टीसिक्स इंक' हे केंद्र उभारले, तर इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात शेतीविषयक नवउद्यमांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. केंद्रांची संख्या वाढली, तसे प्रस्तावही वाढले. परंतु अर्ज करणारा तरुण जे सांगण्यास उत्सुक असतो आणि निवड समितीला जे जाणून घ्यायचे असते, यांत बरेच अंतर आढळते. अर्जदार आपली कल्पना किती मोठी आहे हे सांगतो. त्या कल्पनेतील कोणती गोष्ट अद्याप सिद्ध झालेली नाही आणि दिलेल्या पैशातून ती कशी सिद्ध होईल, हे समितीला हवे असते.

या कसोट्या गुप्त नाहीत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांच्या तरतुदीसह स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजना चार वर्षांसाठी सुरू केली, तेव्हा निवडीचे निकषही जाहीर केले होते. कल्पनेची गरज, तांत्रिक शक्यता, संभाव्य परिणाम, नावीन्य, चमू आणि निधीच्या वापराचा आराखडा हे त्यांतील मुख्य निकष होत. योजनेत प्राथमिक नमुना तयार करून त्याच्या चाचण्या घेण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत कर्ज वा परिवर्तनीय ऋणपत्रांच्या स्वरूपात साहाय्य, अशी रचना होती. इतर योजनांत रकमा वेगळ्या असतात, पण समित्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. त्यामुळे हे निकष नमुन्यादाखल घेता येतात.

समितीची घडणही समजून घ्यावी लागते. या योजनेनुसार प्रत्येक केंद्राच्या समितीत केंद्राचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असे. त्याच्यासोबत राज्य सरकारच्या स्टार्टअप विभागाचा प्रतिनिधी, गुंतवणूकदार संस्थेचा प्रतिनिधी, उद्योगक्षेत्रातील व शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकी एक तज्ज्ञ आणि दोन यशस्वी उद्योजक असत. म्हणजे एकच प्रस्ताव एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळ्या नजरांनी वाचला जातो. प्राध्यापकाला तंत्र पटले, तरी गुंतवणूकदाराला बाजारपेठ लहान वाटू शकते, आणि उद्योजक सदस्य 'पहिला ग्राहक पैसे कधी देणार' एवढेच विचारतो.

एक काल्पनिक प्रस्ताव

हे प्रश्न प्रत्यक्षात कसे येतात, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक परंतु या भागातील परिस्थितीला धरून असलेले उदाहरण घेऊ. समजा, कुरुदमधील दोन तरुण अभियंत्यांनी एक उपकरण तयार केले आहे. त्यांतील एक इलेक्ट्रॉनिक्सचा, तर दुसरा यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. रायपूरजवळच्या उरला आणि सिलतरा औद्योगिक वसाहतींतील रोलिंग मिलमध्ये लोखंडी सळ्या तयार होतात. तेथील यंत्रांच्या बेअरिंगवर हे उपकरण बसवले, की ते कंपने मोजते आणि बेअरिंग निकामी होण्याच्या काही दिवस आधी सूचना देते, असा त्यांचा दावा आहे.

प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात या तरुणांनी देशातील यंत्रदेखभाल बाजारपेठ हजारो कोटींची असल्याचे लिहिले आणि त्यातील केवळ एक टक्का वाटा मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवले. निवड समित्यांपुढे येणाऱ्या असंख्य प्रस्तावांत हे वाक्य असते आणि त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. तो एक टक्का कोण, तो कोठे राहतो आणि त्याच्या दारापर्यंत कोण जाणार, याचे उत्तर त्या वाक्यात नसते.

दुसरा मसुदा खालून वर मोजणारा होता. एका मिलमध्ये लक्ष ठेवण्याजोगी साधारण ३० बेअरिंग धरली आणि प्रत्येकासाठी महिना ४०० रुपये शुल्क ठेवले, तर एका मिलकडून महिन्याला १२,००० रुपये, वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये मिळतील. दुचाकीवरून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावरील २५ मिल मिळाल्या, तर वर्षाचे उत्पन्न ३६ लाख रुपये होईल. आकडा लहान आहे आणि गुंतवणूकदार सदस्य नाक मुरडेल. तरीही समितीला तो तपासता येतो, हे त्याचे बळ आहे.

शुल्क परवडते की नाही, हे मात्र मिलमालकाच्या बाजूने पाहावे लागते. समजा, एका मिलच्या नोंदवहीनुसार बेअरिंगमुळे यंत्र वर्षातून आठ वेळा अचानक बंद पडले आणि प्रत्येक वेळी पाच तास वाया गेले. तासाला दहा टन उत्पादन व प्रत्येक टनामागे सर्व बदलते खर्च वजा जाता दीड हजार रुपये उरतात असे धरले, तर एका खंडाचा तोटा ७५,००० रुपये, म्हणजे वर्षाला सहा लाख रुपये होतो. उपकरणाने यांपैकी निम्मे बिघाड आधी ओळखले आणि ती बेअरिंग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदलता आली, तर मालकाचे तीन लाख रुपये वाचतात. त्यासाठी तो १ लाख ४४ हजार देईल का? देईलही, पण हा करार फार सैल नाही. बिघाड ओळखण्याचे प्रमाण निम्म्यावरून चौथ्या हिश्श्यावर आले, तर बचत दीड लाखावर येते आणि मालकाला या व्यवहारात काही उरत नाही. प्रस्तावातील सारी आशा एका आकड्यावर उभी आहे, हे येथे उघड होते. हा आकडा अर्जदारानेच समितीच्या आधी शोधून काढला असेल, तर त्याच्याविषयीचे मत तेथेच बदलते.

नोंदवहीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. 'आम्ही चाळीस उद्योजकांशी बोललो, सर्वांना कल्पना आवडली' हे विधान पुरावा ठरत नाही. आवडली असे सांगायला पैसे पडत नाहीत. तीन मिलमधील मागील वर्षाच्या नोंदी, त्यांतील बंद पडलेल्या तासांची कारणे, आणि एखाद्या मालकाने चाचणीसाठी दिलेले लेखी संमतिपत्र, हे तिन्ही कागद जोडलेला प्रस्ताव शंभर पानी सादरीकरणापेक्षा वजनदार ठरतो.

तांत्रिक तज्ज्ञाचा प्रश्न

उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञ येथे वेगळीच शंका उपस्थित करील. तापलेला लोखंडी तुकडा रोलमध्ये शिरतो, तेव्हा संपूर्ण यंत्राला धक्का बसतो. हा धक्का आणि खराब बेअरिंगचा ठोका यांतील फरक उपकरण कसे ओळखणार? मिलमध्ये उष्णता असते, पाण्याचा फवारा असतो आणि लोखंडावरून गळणारे पपुद्रे सर्वत्र पसरलेले असतात. सर्वसाधारण इलेक्ट्रॉनिक सुटे भाग साधारण ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाने चालतात. पत्र्याच्या छपराखाली बिनतारी संदेश पोचेल का, हेही पाहावे लागेल. खोट्या सूचना वारंवार आल्या, तर पंधरा दिवसांत फिटर उपकरणाकडे पाहणे सोडून देतो, आणि नंतर आलेली खरी सूचनाही वाया जाते.

याहून अवघड प्रश्न पुराव्याच्या संख्येचा आहे. बेअरिंग रोज निकामी होत नाहीत. चाळीस बेअरिंगवर सहा महिने उपकरणे लावली, तरी त्या काळात खरे बिघाड तीन-चारच होण्याची शक्यता आहे. त्यांपैकी तीन ओळखले म्हणून '७५ टक्के अचूकता' असे लिहिणे गणिताला धरून असले, तरी त्यावर कोणी जाणकार विश्वास ठेवणार नाही. त्यावर उपाय आहेत. जाणूनबुजून ओरखडे पाडलेली बेअरिंग प्रयोगशाळेतील चाचणीयंत्रावर फिरवून पाहता येतात. मिलमधील नेहमीच्या देखभालीत काढून टाकलेली बेअरिंग उघडून त्यांच्या कड्यांवरील खड्डे उपकरणाच्या नोंदींशी ताडून पाहता येतात. असा उपाय प्रस्तावात आधीच लिहिलेला असेल, तर तज्ज्ञाचा प्रश्न आक्षेप राहत नाही, चर्चा होते.

पैशाचा आराखडा येथूनच ठरतो. पहिल्या मसुद्यात या तरुणांनी २० लाख रुपये मागितले होते. त्यांपैकी आठ लाख कार्यालय, सामान व संगणकांसाठी, पाच लाख जाहिरातीसाठी, चार लाख पगारासाठी आणि तीन लाख उपकरणांसाठी होते. बीजनिधी योजनेत या रकमेतून कायमच्या सुविधा उभारण्यास स्पष्ट मनाई होती, त्यामुळे पहिली रक्कमच अडली असती. परंतु नियम नसता, तरी हा आराखडा अर्जदाराविषयी बरेच काही सांगून जातो. ज्या चाचणीवर सर्व अवलंबून आहे, तिच्या वाट्याला सर्वांत कमी रक्कम आली आहे.

सुधारित आराखडा १३ लाख ३० हजारांचा झाला. प्रत्येकी ९,००० रुपयांची ४० उपकरणे, प्रत्येकी ३०,००० रुपयांचे पाच संदेशग्राहक, प्रयोगशाळेतील चाचण्यांसाठी २ लाख २० हजार, एका अभियंत्याचे वर्षभराचे ४ लाख ८० हजार वेतन आणि मिलमध्ये बसवणे व प्रवास यांसाठी १ लाख २० हजार अशी त्याची फोड आहे. मागणी कमी केल्याने निवडीची शक्यता आपोआप वाढते असे नाही, मात्र प्रत्येक रकमेपुढे एक प्रश्न उभा दिसतो आणि त्याचे उत्तर मिळवण्याची मुदतही दिसते. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळत असल्याने टप्पेही नेमके लिहावे लागतात. 'उत्पादन विकसित करणे' हा टप्पा ठरत नाही. 'चौथ्या महिन्याअखेर एका मिलमधील आठ बेअरिंगवर सलग ६० दिवस नोंदी, आणि त्यांची हातातील कंपनमापकाशी तुलना' हा टप्पा ठरतो. तो पूर्ण झाला की नाही, हे तिसऱ्या माणसाला तपासता येते. दुसऱ्या टप्प्यात तीन मिलमध्ये आलेल्या प्रत्येक सूचनेची फिटरने केलेली खातरजमा, आणि शेवटच्या टप्प्यात किमान एका मालकाने स्वतःच्या खिशातून दिलेले शुल्क, असा क्रम लावता येतो.

चमूविषयी काय पाहिले जाते

चमूच्या रकान्यात पदव्या आणि पुरस्कार लिहिण्याची प्रथा आहे. समिती मात्र प्रथम कामाची विभागणी पाहते. या उदाहरणातील दोघेही अभियंते आहेत. मिलमालकाच्या दारात जाऊन भाव ठरवणारा आणि थकलेले पैसे मागणारा कोण? लघुउद्योगाचे देणे ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, पण लहान पुरवठादार मोठ्या ग्राहकावर दावा करण्यास धजत नाही, हे उद्योजक सदस्यांना अनुभवाने ठाऊक असते. दोघांपैकी एकाने हे काम स्वीकारून प्रत्यक्षात दहा मालकांच्या भेटी घेतल्या असतील, तर तिसरा भागीदार नसल्याची उणीव बरीच भरून निघते.

सल्लागारांच्या लांब यादीला समित्या फार महत्त्व देत नाहीत. तीस वर्षे पोलाद कारखान्यात देखभाल विभाग सांभाळून निवृत्त झालेला एखादा फोरमन आठवड्यातून एक दिवस मिलमध्ये येण्यास तयार असेल, आणि त्याचा मोबदला लेखी ठरला असेल, तर पाच नामवंत प्राध्यापकांच्या छायाचित्रांपेक्षा ते अधिक उपयोगी ठरते. भिलाईत अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. या शहराची ही खरी पुंजी असूनही स्थानिक प्रस्तावांत तिचा वापर व्हावा तेवढा होत नाही.

यापुढचे प्रश्न अवघड असतात आणि ते मुलाखतीतच विचारले जातात. दोघेही नोकरीत असतील, तर नोकरी कधी सोडणार? 'निवड झाल्यास सोडू' हे उत्तर प्रामाणिक आहे, पण एकाने आधीच सोडली असेल, तर समिती त्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. घरची जबाबदारी असलेल्या तरुणावर हा निकष अन्याय करतो, हे खरे. पूर्णवेळ येण्याची निश्चित तारीख आणि तोपर्यंत घरखर्चाची सोय कशी होणार, हे लिहिले तर ही अडचण काहीशी कमी होते. समभाग निम्मे-निम्मे वाटले असतील आणि एकजण सहा महिन्यांत बाहेर पडला, तर निम्मी कंपनी काम न करणाऱ्याच्या नावावर राहते. म्हणून समभाग तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील, असा करार आहे का, हे विचारले जाते. भांडवल दिले म्हणून काका किंवा सासरे यांच्या नावावर बहुसंख्य समभाग असल्याचे कागदपत्रांतून दिसले, तर निर्णय कोण घेणार, हा प्रश्न उभा राहतो.

उपकरणाचा पहिला नमुना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तयार झाला असेल, तर त्याच्या हक्कांचा प्रश्नही आधीच मिटवणे आवश्यक असते. महाविद्यालयाचे धोरण काय आहे, आणि पेटंटचा अर्ज कोणाच्या नावाने होणार, याचे लेखी पत्र नसल्यास चांगला प्रस्तावही अडून राहतो. नोकरीत असताना केलेल्या कामालाही हेच लागू होते.

तारखांचा सापळा

काही प्रस्ताव गुणवत्तेपूर्वीच बाद होतात. बीजनिधी योजनेत अर्ज करताना कंपनीची नोंदणी होऊन दोन वर्षांपेक्षा अधिक काळ झालेला नसावा, ती केंद्र सरकारच्या उद्योग विभागाकडून मान्यताप्राप्त नवउद्यम असावी, भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के असावा, आणि अन्य सरकारी योजनांतून दहा लाखांपेक्षा अधिक आर्थिक साहाय्य मिळालेले नसावे, अशा अटी होत्या. स्पर्धेतील बक्षिसे, सवलतीची कार्यालयीन जागा किंवा प्रयोगशाळेचा वापर या दहा लाखांत मोजला जात नसे. महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षात उत्साहाने कंपनी नोंदवणारे विद्यार्थी पदवी, परीक्षा आणि पहिली नोकरी यांत दोन वर्षे घालवतात, आणि प्रत्यक्ष नमुना तयार होतो तेव्हा मुदत संपलेली असते. नोंदणीची घाई ही अनेक लहान शहरांतील प्रस्तावांची चूक आहे. नमुन्याच्या पूर्वी भागीदारीचा साधा लेखी करार पुरेसा असतो.

केंद्र निवडण्याचा निर्णयही प्रस्तावाइतकाच विचारपूर्वक घ्यावा लागतो. बीजनिधी योजनेत अर्जदाराला पसंतीक्रमाने तीन केंद्रांकडे अर्ज पाठवता येत असे, आणि ४५ दिवसांत निर्णय अपेक्षित होता. यंत्रांच्या कंपनांवर काम करणाऱ्याने आर्थिक तंत्रज्ञानाच्या केंद्राला केवळ ते घराजवळ आहे म्हणून पहिली पसंती द्यावी का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हवा. कृषी विद्यापीठाचे केंद्रही त्याच्या कामाचे नाही. चाचणीयंत्र आणि यंत्र अभियांत्रिकीचे मार्गदर्शक असलेले दूरचे केंद्र त्याला अधिक देऊ शकते. मुंबई आयआयटीचे 'साइन' केंद्र २००४ पासून कार्यरत आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली आणि याच केंद्रात वाढली. तिचे समभाग सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी २०२३ मध्ये खुले झाले, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली. यंत्रे बनवणाऱ्या उद्योगाला लागणारा काळ आणि तीन महिन्यांत चमू घडवून बाहेर पाठवणाऱ्या अॅक्सिलरेटरचा वेग यांचा मेळ नेहमी बसत नाही.

अनुदानाऐवजी काम देणे, हा मार्ग महाराष्ट्राने वापरून पाहिला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ नवउद्यमांना शासकीय विभागांत आपले तंत्र वापरून दाखवण्यासाठी प्रत्येकी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्यात आले. निवड होताच ग्राहक मिळतो, हा त्याचा लाभ. भिलाईत सर्वांत मोठा संभाव्य ग्राहक पोलाद कारखाना आहे. सार्वजनिक खरेदीत नवउद्यमांना मागील अनुभव व उलाढालीच्या अटींत सवलत देण्याची तरतूद आहे, मात्र गुणवत्तेच्या व तांत्रिक निकषांत सूट नाही. त्यामुळे कुरुदच्या या काल्पनिक चमूने पहिल्या वर्षाच्या ग्राहकांत कारखान्याचे नाव लिहिले, तर समिती त्यांना प्रथम सिलतरातील एखाद्या मिलच्या सहा महिन्यांच्या नोंदी दाखवण्यास सांगेल.